उणे बाहत्तर

श्रुतिकाची मेल मी आधी अर्धीच वाचली आणि फोन पालथा ठेवला.

सकाळची बॅच नुकतीच सुटली होती. प्रयोगशाळेला लागून आमची एक छोटी खोली आहे, तिथे मी चहा घेत बसले होते. मुलुंडच्या या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर आहे. पहिल्या वर्षाच्या बी.एस्सी.ची भौतिकशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेते. फोन वाजला की हल्ली मी आधी घरचं नाव आहे का ते बघते. माझी मुलगी मधू सात महिन्यांची आहे आणि त्या दिवशी तिला सर्दी होती. घरून निघताना ती नाकाने शीळ घालत झोपली होती. त्यामुळे स्क्रीनवर विद्यार्थिनीचं नाव दिसलं तेव्हा मला आधी हायसंच वाटलं, आणि मग राग आला.

श्रुतिका म्हणजे पहिल्या बाकावरची, कमी बोलणारी मुलगी. भांडी घासून झाल्यावरही परत एकदा पुसणारी. आदल्या दिवशी त्यांना कॅलरीमापीचा प्रयोग होता. तांब्याच्या एका भांड्यात मोजून गार पाणी घ्यायचं, त्यात तेवढंच गरम पाणी ओतायचं आणि मिश्रणाचं तापमान बघायचं. गरम पाण्याने गमावलेली उष्णता गार पाण्याने आणि भांड्याने मिळून घेतली, एवढाच हिशेब. त्यातून भांड्याची उष्माधारकता निघते, म्हणजे ते भांडं एक अंशाने तापवायला किती उष्णता लागते ते. आमच्या भांड्यांचं उत्तर पन्नासच्या आसपास येतं. श्रुतिकाचं आलं होतं उणे बाहत्तर.

तिने वही पुढे केली तेव्हा माझ्यासमोर आणखी तीन मुलं सही घ्यायला उभी होती. परत कर, गडबड केली असशील, असं मी म्हणाले होते. वर न बघताच म्हणाले होते.

चहा संपेपर्यंत मला ते टोचत राहिलं. फोन परत उचलला. तिने लिहिलं होतं:

"आदरणीय मॅडम, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी प्रयोग परत केला. परत उणेच उत्तर आलं. तिसऱ्यांदाही तेच. उणे उष्माधारकता म्हणजे भांड्याला उष्णता दिली की ते आणखी गार होणार. असं भांडं असू शकत नाही हे मला कळतं. माझी पार्टनर म्हणाली की उणे चिन्ह खोडून टाक, किंवा बाजूच्या टेबलावरचं उत्तर घे. मॅडम, मला ते नको वाटलं. पण मग काय लिहू तेही कळत नाही.

गार पाणी शंभर ग्रॅम, अठ्ठावीस अंश. गरम पाणी शंभर ग्रॅम, साठ अंश. मिश्रण साडेपंचेचाळीस. पाणी सारखंच आहे, तर भांड्याने काहीच घेतलं नाही असं धरलं तरी मिश्रण चव्वेचाळीसच्या वर जायला नको. माझं वर गेलं. ही जास्तीची उष्णता कुठून आली? मी वजन पुन्हा तपासलं. मला वाटतं माझी चूक नाही, पण असं म्हणायची भीती वाटते. गरम पाण्याच्या थर्मामीटरचा फोटो जोडत आहे. त्याच्या वरच्या टोकाला काहीतरी लाल दिसतं."

मी फोटो उघडला. बोट लागून तो एकदम खूप मोठा झाला. काचेची नळी, पांढरी पाठ, काळ्या रेघा. लाल अल्कोहोलची मुख्य दांडी साठवर थांबलेली. आणि पार वर, नळी जिथे संपते तिथे, तांदळाच्या दाण्याएवढा एक लाल तुकडा. एकटाच चिकटून बसलेला.

दांडी तुटली होती. एवढंच झालं होतं. वरचा तुकडा खालच्या दांडीत असायला हवा होता. तो नाही, म्हणून दांडी तेवढी बुटकी. पाणी पासष्ट अंश गरम असताना थर्मामीटर साठ सांगत होता. गरम पाणी श्रुतिकाला वाटत होतं त्याहून जास्त गरम होतं. तिची जास्तीची उष्णता तिथून आली होती. मी एका कागदाच्या मागे साठच्या जागी पासष्ट घालून बघितलं. उत्तर अठ्ठेचाळीस आलं. बरोबर.

थर्मामीटर एकच वापरला असता तर चूक झाकली गेली असती. सगळीच तापमानं पाच अंशांनी खाली गेली असती आणि वजाबाकीत कापली गेली असती. पण दोन वापरायची पद्धत माझीच. एक बर्नरवरच्या पाण्यात, एक भांड्यात. म्हणजे तो पुसा, गार करा, यात मुलांचा वेळ जात नाही. अगदी माझी मीच पाठ थोपटली होती त्यावर.

मी कुंडलिकना हाक मारली. ते आमचे प्रयोगशाळा सहायक. रसायनशास्त्राच्या फ्रिजमधून बर्फ आणायला सांगितला. तो फोडून, थोडं पाणी घालून आम्ही चंचुपात्र भरलं आणि सगळे थर्मामीटर त्यात उभे केले. थोडा वेळ गेला. बहुतेक शून्यावर आले. एक उणे तीनवर. आणि श्रुतिकाचा उणे पाचवर.

कुंडलिक म्हणाले, गेल्या वर्षी तर असं नव्हतं होत. मग त्यांचं लक्ष खिडकीतल्या बरणीकडे गेलं, आणि माझंही.

गेल्या वर्षीपर्यंत थर्मामीटर खणात आडवे ठेवत असत. मुलं खण धाडकन लावत, टोकाचे काचेचे फुगे फुटत. या वर्षी मीच सांगितलं की बरणीत उलटे ठेवा, फुगा वर, दांडा खाली. फुटणं थांबलं. उन्हाच्या खिडकीत, उलटे, बरणी इकडून तिकडे नेताना बसणारे हादरे. अल्कोहोलची बारीक दांडी अशी उलटी राहिली की कधीतरी तुटते आणि तुकडा टोकाकडे सरकून बसतो. हे मला माहीत होतं. कुठेतरी वाचलेलं, विसरलेलं.

"मॅडम, बसा," कुंडलिक म्हणाले. "काय झालं?"

मला आमचं बाथरूम दिसत होतं. गीझरखालचा प्लास्टिकचा पेला. त्यात माझा ब्रश, नवऱ्याचा, सुबोधचा ब्रश, आणि मधूच्या अंघोळीचा थर्मामीटर. उलटा. फुगा वर.

तो मी कॉलेजच्या सप्लायरकडूनच मागवला होता. सासूबाईंशी झालेल्या वादावरचा तो माझा तोडगा होता. मी त्यांना आईच म्हणते. आई कणकवलीकडच्या. त्यांच्या हिशेबात बाळाला कढत पाण्यानेच न्हाऊ घालतात, हाडं बळकट होतात. पाय लांब करून बसायचं, बाळाला नडग्यांवर पालथं घालायचं आणि तांब्याने पाणी ओतायचं. मला ते बघवत नसे. मी म्हणायचे की हाताचं काही खरं नाही, तुमच्या हाताला सवय झालीय गरम पाण्याची. एक दिवस मी थर्मामीटर आणला आणि सदतीसच्या रेघेवर माझं नेलपॉलिश लावलं. याच्या वर नाही आणि खालीही नाही. आईंनी त्याला काडी म्हणायला सुरुवात केली. काडी बघून, काडी बघून, असं करत त्या शिकल्या. सुबोध हसायचा, आईला लॅबला लावलीस म्हणायचा.

आणि अलीकडे मधू अंघोळीत रडायला लागली होती.

आधी रडत नसे. पाण्याखाली डोळे मिटून हुं हुं करायची. अलीकडे तांब्या कलला की किंचाळायची. आईंनी मला एकदा सांगितलं होतं की पाणी चटकतंय गो. मी दारातूनच विचारलं, काडी किती म्हणते? सदतीस. मग चटकेल कशाला, दात येत असतील. तिच्या पाठीवर लाली यायची, तिला मी घामोळं म्हणत होते. रोज लोशन लावत होते.

तोही पाच अंश कमी दाखवत असेल, तर त्याचे सदतीस म्हणजे बेचाळीस. आणि त्या दिवशी सकाळी मी काय सांगून निघाले होते? सर्दी आहे, आज ऊन वर आल्यावर अंघोळ घाला, आणि पाणी जरा गरम असू दे, एकोणचाळीस.

एकोणचाळीस अधिक पाच. एवढी बेरीज करायला मला किती वेळ लागला.

मी आईंना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. त्या अंघोळ घालताना फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला ठेवतात, मीच सांगितलेलं, बाथरूममध्ये नेऊ नका म्हणून. सुबोधला लावला. तो मानखुर्दला ऑफिसात. तो म्हणाला, आईने मला वाढवलंय गं, तिला कळतं, तू घाबरू नकोस. मी म्हटलं, तिला कळत होतं, मीच तिला कळू देत नव्हते. त्याला ते समजलं नाही, आणि समजावत बसायला वेळ नव्हता. समोरच्या फ्लॅटमधल्या चेतनाला लावला. ती घरी होती, देवाच्या कृपेने. ती आमच्या दारावर गेली, फोन चालूच ठेवून. बेल वाजल्याचं मला ऐकू आलं. परत वाजली. मग तिने दार थापटलं.

"आतून पाण्याचा आवाज येतोय गं," ती म्हणाली. "नळ सोडलाय मोठ्ठा. काकूंना ऐकू जात नाहीये."

रडतेय का, मी विचारलं. चेतनाने बहुतेक दाराला कान लावला.

"नाही. बाळाचा आवाज नाहीये."

कुंडलिकना मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. दुसरी बॅच बाहेर जिन्यावर जमायला लागली होती, त्यांच्यातून वाट काढत मी खाली उतरले. रिक्षा मिळाली. भांडुप, टेंभीपाडा. एलबीएस रोडवर मेट्रोच्या कामाचे पत्रे, त्यातून एकच गाडी जाईल एवढी वाट, आणि समोर एक पाण्याचा टँकर. त्याच्या नळीतून पाणी गळत होतं, रस्त्यावर ओली रेघ. मी त्या रेघेकडे बघत बसले.

माणसाला जे ठाऊक असतं ना, तेच त्याला खातं. मला ठाऊक होतं की चव्वेचाळीसला मोठ्या माणसाची कातडी बराच वेळ टिकते. आणि लहान बाळाची कातडी पातळ असते हेही ठाऊक होतं. किती पातळ, ते मात्र ठाऊक नव्हतं. बाळाचा आवाज नाहीये. रडत नाही म्हणजे बरं आहे, की रडायच्या पलीकडे गेलीय? सर्दीने नाक बंद, तोंडावर पाणी. मी स्वतःला म्हणत होते की आई वेड्या नाहीत. लगेच वाटायचं, आईंचा हात मीच बाद केला. त्यांच्या हाताने नको म्हटलं असतं तरी त्यांनी काडीच बघितली असती. मला घाबरून. त्या मला घाबरतात हे मी पहिल्यांदाच स्वतःशी म्हणत होते, रिक्षात, टँकरच्या मागे.

चेतनाचा पुन्हा फोन आला. दार अजून उघडलं नव्हतं. नळ आता बंद झाला होता. आत शांत होतं. ती घाबरल्याचं तिच्या आवाजावरून कळत होतं, आणि ते मला नको होतं. कुलूपवाल्याला बोलवू का, तिने विचारलं. मी म्हटलं, मी पोचतेच.

लिफ्ट वर होती. मी जिन्याने गेले. चेतना दारात उभी. माझ्या पर्समध्ये किल्ली सापडेना, मग सापडली, मग लागेना. तिने माझ्या हातातून घेऊन दार उघडलं.

घरात तेलाचा वास होता. मालिश झालेली होती म्हणजे. ओट्यावर फोन चमकत होता, माझे सगळे मिस्ड कॉल घेऊन. बाथरूमचं दार आतून लावलेलं, गार वारा नको म्हणून. मी दार ढकललं आणि आई अशी हाक मारली. हाक कसली, काहीतरी आवाज काढला.

कडी निघाली.

आई पाटावर बसल्या होत्या, पाय लांब केलेले, पातळ गुडघ्यापर्यंत. मधू त्यांच्या मांडीवर होती. तेलाने माखलेली, टॉवेलात गुंडाळलेली, कोरडी. तिने आईंच्या पदराचं टोक तोंडात धरलं होतं आणि ती चघळत होती. मला बघून तिने ते सोडलं आणि शिंकली.

बाजूला बादली, काठोकाठ. थर्मामीटर आईंच्या हातात होता. मूठ आवळून त्यांनी तो धरला होता. आईंच्या दोन्ही नडग्या लाल झाल्या होत्या.

मी खाली बसले. टॉवेल काढून मधूची पाठ बघितली, पोट बघितलं, मांड्या बघितल्या. काल जेवढी लाली होती तेवढीच. नवीन काही नाही. माझे हात तेलाने निसटत होते.

"अजून न्हाणलंय नाय गो तिका," आई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "ओरडू नको. पाणी गार झाला आसतला, पण माका जमाक नाय."

मग त्यांनी सांगितलं. काडी एकोणचाळीसवर आली तेव्हा त्यांनी पहिला तांब्या स्वतःच्या पायांवर ओतला. गेले काही दिवस त्या तसंच करायच्या. रोज काडी बरोबर असायची आणि रोज पाय भाजायचे, आणि त्या ओठ दाबून पुढचा तांब्या मधूवर ओतायच्या, कारण काडी बरोबर होती. मी म्हणाले होते की हाताचं खरं नाही. मग पायांचं तरी काय खरं. पण आज पाणी रोजच्याहून कडक लागलं, आणि पुढचा तांब्या कलवेना. त्यांनी गार पाणी घातलं. पायाला बरं वाटलं, तर काडी चौतीसवर. सर्दीचं पोर, चौतीसला कसं न्हाऊ घालायचं, सून काय म्हणेल. पुन्हा गरम घातलं. पुन्हा चटका. पुन्हा गार. बादली भरून वाहायला लागली तेव्हा त्यांनी नळ बंद केला आणि तशाच बसून राहिल्या. बेल ऐकली होती. पण उठून सांगायचं काय?

"काडी म्हणता चौतीस. तू सांगलंस एकोणचाळीस. आणि माजे पाय म्हणतत नको." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कोणाचा ऐकू मी?"

मी त्यांच्या मुठीतून थर्मामीटर घेतला. डोळ्यांजवळ धरला. बाथरूमच्या दिव्यात टोकाचा तुकडा दिसायला वेळ लागला, कारण तिथे मी कधी बघितलंच नव्हतं. सदतीसच्या वरचं मला काही बघायचंच नव्हतं. चेतनाने फ्रिजमधून बर्फाचा ट्रे आणला. स्टीलच्या पेल्यात बर्फ, त्यात काडी. आम्ही तिघी वाकून बघत होतो, मधू चौथी. लाल दांडी खाली खाली आली, शून्याच्या खाली उतरली आणि पाच रेघा ओलांडून थांबली.

आईंना आकड्यांतलं काही कळलं नाही, पण काडी खोटी हे कळलं. मला वाटलं त्या आता बोलतील. बोलायचा त्यांना हक्क होता. त्या फक्त स्वतःच्या पायांवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पोर उगीच रडत नव्हता."

मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी फोटो मागवले, मधूच्या पाठीचे आणि आईंच्या पायांचेही. फोड नाहीत ना, कातडी सोलली नाही ना, असं विचारलं. संध्याकाळी दाखवून जा म्हणाले, पण घाबरण्यासारखं दिसत नाही. मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा आईंनीच माझ्या हातातला फोन खाली केला.

मग मी ओट्याला टेकून श्रुतिकाला उत्तर लिहिलं. चार वेळा खोडून. शेवटी एवढंच राहिलं: "श्रुतिका, तुझी मापं बरोबर आहेत. थर्मामीटर पाच अंश कमी दाखवतो. दांडी तुटलेली आहे, तू फोटोत दाखवलंस तोच तुकडा. बर्फात ठेवून मी तपासलं. उणे बाहत्तर तसंच लिही, खोडू नकोस, आणि खाली कारण लिही. आणखी एक थर्मामीटर तीन अंश चुकतो, तरी त्या टेबलावरचं उत्तर बरोबर कसं आलं ते मी उद्या विचारणार आहे. आणि काल मी वर न बघता बोलले." पुढे काहीतरी लिहायचं होतं. मेल लिहायची तुला भीती वाटली ते बरं झालं नाही, पण तू लिहिलीस, असं काहीतरी. ते जमलं नाही. तसंच पाठवलं.

बाथरूममधून आईंची हाक आली. त्यांनी बादली रिकामी करून नवीन पाणी काढलं होतं. काडी नाही. त्यांनी माझा हात धरून मनगटापर्यंत पाण्यात घातला. मला ते गार वाटलं, मग बरं वाटलं, मग मला कळेना.

"किती आसतला?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नाही, मी म्हटलं. तुम्ही सांगा.

त्यांनी लाल झालेल्या पायांवर एक तांब्या ओतला, थांबल्या, आणि मधूला पालथी घेतली. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले, रोज राहते तशी. तांब्या कलल्याचा आवाज आला. पाणी फरशीवर पडल्याचा आला. मी किंकाळीची वाट बघत होते. ती आलीच नाही. दुसरा तांब्या. तिसरा. आत काहीच नाही, नुसतं पाणी, आणि मला ती शांतता सहन होईना. मी दार ढकलून आत डोकावले.

मधूने डोळे मिटले होते. हुं हुं करत होती.